पोटावरून की आतून? एका गर्भाशयाचे दोन रिपोर्ट

सोनोग्राफीचे दोन कागद समोर ठेवून "डॉक्टर, यातला खरा कुठला?" असं विचारणाऱ्या बायका आमच्याकडे नेहमी येतात. असाच एक जोड नमुन्यादाखल समोर घेऊ. बाई अडतीस वर्षांच्या, दोन मुलांची आई. आठ महिन्यांपासून पाळीत खूप रक्त जातं आहे, दोन पाळ्यांच्या मधेही डाग दिसतात, हिमोग्लोबिन 8.6 वर आलं आहे. पहिल्या रिपोर्टात लिहिलं आहे: गर्भाशय 'बल्की', म्हणजे नेहमीपेक्षा मोठं, आतलं अस्तर 14 मिलिमीटर, गर्भाशयाच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला साडेपाच सेंटिमीटरचा फायब्रॉइड, उजव्या अंडाशयात 4.2 सेंटिमीटरची गाठ. डावं अंडाशय दिसलं नाही. सात आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या रिपोर्टात उजवीकडची गाठ नाही, डावं अंडाशय व्यवस्थित दिसतं आहे, अस्तर 5 मिलिमीटर आहे आणि अस्तराला चिकटलेलं 12 मिलिमीटरचं एक पॉलिप सापडलं आहे. फायब्रॉइडचा मात्र उल्लेखच नाही.

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. पहिली तपासणी पोटावरून झाली होती, मूत्राशय भरलेलं असताना, पाळीच्या बाविसाव्या दिवशी. दुसरी आतून, म्हणजे योनिमार्गातून झाली, मूत्राशय रिकामं करून, पाळीच्या सहाव्या दिवशी. प्रोब कुठे ठेवला, मूत्राशय भरलेलं होतं की रिकामं आणि तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली, या तीन गोष्टी कळल्या की दोन कागदांतला फरक उलगडतो. पण रिपोर्ट वाचणारे बहुतेक जण शेवटची 'इम्प्रेशन'ची ओळ वाचतात आणि वर बारीक अक्षरात छापलेल्या या गोष्टींकडे बघतच नाहीत.

आधी प्रोबबद्दल. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. प्रोब कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात पाठवतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र उभं राहतं. हा आवाज जितका बारीक सुराचा, तितकं चित्र रेखीव. पण बारीक सूर फार खोल पोचत नाही. गणपतीची मिरवणूक लांब असते तेव्हा ढोल ऐकू येतो, झांजा येत नाहीत, तसंच हे आहे. पोटावरच्या प्रोबला त्वचा, चरबी, स्नायू आणि मूत्राशय ओलांडून गर्भाशयापर्यंत जायचं असतं, म्हणून त्याचा सूर जाडा ठेवतात, साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा. तो पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही खोल बघू शकतो, पण दोन-तीन मिलिमीटरच्या गोष्टी त्याला नीट वेगळ्या दाखवता येत नाहीत. आतून ठेवलेला प्रोब गर्भाशयाच्या आणि अंडाशयांच्या अगदी जवळ असतो. त्याचा सूर साधारण 5 ते 9 मेगाहर्ट्झचा. त्याला अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते, अंडाशयातले फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं ते पाण्याचे छोटे फुगवटे, एक एक करून मोजता येतात. पण आठ-दहा सेंटिमीटरच्या पलीकडे त्याचं चित्र धूसर होत जातं.

आपल्या उदाहरणातला फायब्रॉइड गर्भाशयाच्या माथ्यावर, वर पोटाच्या दिशेनं वाढलेला होता. आतल्या प्रोबच्या टप्प्याबाहेर. म्हणून तो दुसऱ्या कागदावर आला नाही. बारा मिलिमीटरचं पॉलिप पोटावरून दिसलं नाही ते याच्या नेमक्या उलट कारणानं. आतून केलेली सोनोग्राफी 'वरच्या दर्जाची' असते, असा समज आता शहरांत पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. गर्भाशय खूप मोठं असेल, गाठ ओटीपोटातून वर चढलेली असेल, अंडाशयं वर ओढली गेली असतील, तर पोटावरचा प्रोबच उपयोगी. म्हणूनच नीट पद्धत अशी, की आधी पोटावरून सगळा प्रदेश बघायचा आणि मग जवळून बघण्यासाठी आतून जायचं. या बाईंच्या दुसऱ्या तपासणीत दोन मिनिटं पोटावरही प्रोब ठेवला असता, तर घोळ झालाच नसता.

आता मूत्राशयाकडे वळू. पोटावरच्या तपासणीला पाणी पिऊन लघवी भरून यायला सांगतात, ते का, हे फार कमी ठिकाणी समजावलं जातं. आवाजाचा मोठा शत्रू म्हणजे हवा. आतड्यात वायू असतो आणि त्याच्यावर आदळलेला आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो, पलीकडचं काहीच दिसत नाही. मूत्राशय भरलं की ते आतड्याची वेटोळी वर आणि बाजूला ढकलतं, आणि पाण्यातून आवाज विनासायास जात असल्यामुळे मागचं गर्भाशय आणि अंडाशयं दिसू लागतात. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पोटातल्या गाठींवरचा आपला गाजलेला लेख छापला, तेव्हापासून सोनोग्राफी स्त्रीरोगशास्त्रात आली. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक बाई होत्या, ज्यांना पोटाचा असाध्य कर्करोग आहे असं मानलं गेलं होतं. यंत्रानं तिथे पाण्यानं भरलेली अंडाशयाची मोठी गाठ दाखवली, आणि ती काढून टाकता आली. भरलेल्या मूत्राशयाची युक्तीही त्यांच्याच गटानं 1960 च्या दशकात रुळवली.

पाणी किती प्यायचं? साधारण चार ते पाच ग्लास, म्हणजे एक लिटरच्या आसपास. ते तपासणीच्या वेळेआधी तासभर पिऊन संपलेलं असावं आणि त्यानंतर लघवीला जायचं नाही. बायका दवाखान्यात पोचल्यावर घाईघाईनं बाटल्या रिचवतात, त्याचा उपयोग होत नाही. मूत्रपिंडांना ते पाणी खाली उतरवायला वेळ लागतो. सोडा किंवा फसफसणारी पेयं टाळा, त्यानं वायूच वाढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी हे प्रमाण पाळू नये. अपॉइंटमेंट घेतानाच तसं सांगावं.

मूत्राशय पुरेसं भरलं आहे की नाही, हे पडद्यावर लगेच कळतं: त्याची वरची कड गर्भाशयाच्या माथ्याच्या थोडी वर पोचलेली दिसायला हवी. बाईला स्वतःला मात्र ते 'आता जायला हवं, पण थांबवता येईल' अशा जाणिवेवरून ओळखता येतं. कळा येईपर्यंत थांबू नका. फुगलेलं मूत्राशय गर्भाशयाला मागे रेटतं आणि चपटं करतं, अंडाशयं प्रोबपासून लांब जातात, मापं चुकतात. त्या अवस्थेत कण्हत, घामाघूम होऊन रांगेत बसलेल्या बायका मी बघते तेव्हा त्रास होतो. अशा वेळी सरळ सांगावं. अर्धा ग्लासभर लघवी करून परत येता येतं, चित्र उलट सुधारतं.

उपाशी यायचं की नाही, याचा गोंधळही कायमचा. फक्त ओटीपोटाची तपासणी असेल, तर उपाशी राहायची गरज नाही. पण चिठ्ठीवर 'यूएसजी ॲब्डोमेन-पेल्व्हिस' लिहिलेलं असेल, तर पित्ताशयही बघायचं असतं. जेवणानंतर ते आकसतं, म्हणून सहा ते आठ तास पोट रिकामं लागतं. साधं पाणी चालतं, नव्हे, लागतंच. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारावं.

आतून केलेल्या तपासणीची तयारी याच्या उलट. मूत्राशय रिकामं हवं, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला प्रोबपासून दूर ढकलतं. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच दिवशी असतील, तर आधी पोटावरून बघतात, मग लघवी करून यायला सांगतात. उपास नाही, दाढीचं ब्लेड नाही, एनिमा नाही. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप असेल तर काढायचा. पाळी चालू असली तरी तपासणी करता येते. अंगात फार रक्त जात असताना तर ती मुद्दाम करावी लागते. संकोचापोटी बायका तारीख पुढे ढकलतात आणि कारण शोधायला उशीर होतो.

प्रत्यक्षात काय होतं, ते आधी कळलं की निम्मी भीती जाते. कमरेखालचे कपडे काढून, अंगावर चादर घेऊन, गुडघे वाकवून पाठीवर झोपायचं असतं. कंबर थोडी वर यावी म्हणून खाली उशी देतात. प्रोब अंगठ्याएवढा किंवा जरा जाड, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचा असतो. तो लांबलचक दिसतो खरा, पण त्यातला बराच भाग तपासणाऱ्याच्या हातात राहतो. त्याच्यावर दरवेळी नवा कंडोम चढवतात, आत आणि बाहेर जेल लावतात; कंडोम बदलला तरी दोन रुग्णांच्या मध्ये प्रोब जंतुनाशकानं स्वच्छ करणं आवश्यकच असतं. रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगाला खाज सुटत असेल, तर आधी सांगा, दुसऱ्या मालाचं आवरण मिळतं. मूल व्हावं म्हणून उपचार चालू असतील तर तेही सांगा. काही जेल शुक्राणूंना चालत नाहीत. तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दाब जाणवतो, पण खूप दुखायला नको. दुखलं तर 'इथे दुखतंय' असं जरूर म्हणा, कारण नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं, ही तपासणीचीच माहिती आहे. गर्भाशय आणि मागचं आतडं एकमेकांवरून घसरतात की चिकटून बसलेत, हेही प्रोबनं हलकेच ढकलून बघतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये ते चिकटलेले सापडतात, आणि पोटावरून हे कळणं कठीण असतं.

या तपासणीला संमती लागते, आणि ती खरी संमती असावी. काय करणार आहोत ते सांगून विचारणं, खोलीत दुसरी स्त्री कर्मचारी असणं, आणि बाईनं मध्येच 'थांबा' म्हटलं की थांबणं, एवढं तरी मागण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. प्रोब स्वतः आत सरकवला तर सोपं जातं, असं अनेकींना वाटतं. तसं करू देण्यात काहीच अडचण नसते. ज्यांचा लैंगिक संबंध आलेला नाही, ज्यांना आत काही गेलं की स्नायू आवळून असह्य दुखतं, किंवा ज्यांना ही तपासणी नकोच आहे, त्यांची ती करू नये. त्यांच्यासाठी पोटावरची सोनोग्राफी असते, गरज पडली तर गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय असतो. एक विनंती मात्र: तपासणी करणाऱ्यानं "लग्न झालंय का?" एवढंच विचारून निर्णय घेऊ नये. प्रश्न एकांतात, आई किंवा सासू बाहेर असताना, सरळ विचारावा.

आता तिसरी गोष्ट, पाळीचा दिवस. अंडाशय आणि गर्भाशयाचं अस्तर महिनाभर बदलत असतात. पाळी संपताना अस्तर दोन-चार मिलिमीटरचं उरतं, मध्यापर्यंत ते वाढत जातं आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात चौदा-सोळा मिलिमीटर जाड झालं तरी ते निरोगी असू शकतं. अंडाशयात दर महिन्याला एक फॉलिकल वाढतो, साधारण वीस मिलिमीटरचा होऊन फुटतो, आणि त्या जागी कॉर्पस ल्युटियम नावाची पिवळसर गाठ तयार होते. कधी तिच्यात रक्त साठतं आणि ती चार-पाच सेंटिमीटरपर्यंत फुगते. पडद्यावर तिच्यात बारीक जाळी दिसते, म्हणजे गोठणाऱ्या रक्ताचे धागे. अशी गाठ बहुधा सहा-आठ आठवड्यांत आपोआप विरघळते.

या नजरेनं पहिला रिपोर्ट परत वाचू. बाविसाव्या दिवशीचं 14 मिलिमीटर अस्तर हे त्या दिवसाला साजेसंच होतं. पण पॉलिपसुद्धा पडद्यावर तितकंच पांढरट दिसतं, त्यामुळे जाड अस्तरात ते लपून गेलं. उजव्या अंडाशयातली गाठ रक्त साठलेला कॉर्पस ल्युटियम असण्याचीच शक्यता जास्त होती. पोटावरून तिच्या आतली जाळी स्पष्ट दिसली नाही, म्हणून कागदावर 'आत प्रतिध्वनी असलेली गाठ' एवढंच आलं आणि घरच्यांना घाम फुटला. डावं अंडाशय दिसलं नाही, कारण डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचं वळण असतं आणि त्यातला वायू अंडाशय झाकून टाकतो. 'दिसलं नाही' म्हणजे 'नाही' किंवा 'बिघडलं आहे' असं कधीच नसतं.

तपासणी सांगणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी योग्य तेच केलं. दीड-दोन महिने थांबून, रक्त थांबल्यावर लगेच, आतून सोनोग्राफी करायला सांगितली. पातळ अस्तरात पॉलिप उठून दिसलं. डॉप्लर लावल्यावर त्याच्यात शिरणारी एकच बारीक रक्तवाहिनीही दिसली, ही पॉलिपची ओळखीची खूण. उजवीकडची गाठ गेली होती, म्हणजे ती पाळीच्या चक्रातलीच होती. डावं अंडाशय प्रोबनं आणि दुसऱ्या हातानं पोटावरून हलकेच दाबल्यावर आतड्याच्या मागून समोर आलं. फायब्रॉइडची माहिती पहिल्या कागदावरून घेतली. तो गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला होता, आणि असे फायब्रॉइड सहसा जास्त रक्तस्रावाचं कारण नसतात. जे फायब्रॉइड अस्तराखाली, आतल्या पोकळीत डोकावतात ते रक्त वाढवतात, मग ते दोन सेंटिमीटरचे असले तरी. म्हणजे या बाईंच्या त्रासाला कारण बहुधा ते छोटं पॉलिपच. योनिमार्गातून दुर्बीण घालून ते काढलं, तपासायला पाठवलं आणि फायब्रॉइड वर्षानं पुन्हा मोजायचं ठरलं.

याच पहिल्या रिपोर्टवर, 'बल्की', 'गाठ', 'जाड अस्तर' हे तीन शब्द वाचून, गर्भाशय काढून टाकायचा सल्ला मिळणं आपल्याकडे अशक्य नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाला गरिबी, मुकादमी, दंडाची भीती अशी अनेक मुळं आहेत. पण खासगी दवाखान्यात केलेल्या एका सोनोग्राफीचा कागद दाखवून 'पिशवी खराब झाली आहे' असं सांगता येतं, हेही खरं आहे. दोन-तीन मुलं झालेल्या बाईचं गर्भाशय मुलं न झालेल्या बाईपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोठं असणं नैसर्गिक आहे. नुसतं 'बल्की' हे शस्त्रक्रियेचं कारण होत नाही.

पोटावरच्या तपासणीच्या मर्यादेचा सगळ्यात जास्त फटका तरुण मुलींना बसतो. सतरा वर्षांची मुलगी, पाळी दोन-दोन महिने येत नाही, पोटावरून सोनोग्राफी होते, कागदावर येतं 'पीसीओडी', आणि घरात लग्नाची, मूल न होण्याची चर्चा सुरू होते. आता हे निदान कशावर उभं आहे ते बघा. 2003 मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषात एका अंडाशयात बारा किंवा अधिक छोटे फॉलिकल किंवा दहा मिलिलिटरहून मोठं अंडाशय ही सीमा होती. यंत्रं सुधारली, बारीक फॉलिकल जास्त दिसू लागले आणि निरोगी बायकाही या सीमेत यायला लागल्या. म्हणून 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी, आतून आणि चांगल्या यंत्रानं बघितल्यास वीस फॉलिकल ही सीमा धरली. पोटावरून दोन मिलिमीटरचे फॉलिकल भरवशानं मोजताच येत नाहीत, तिथे अंडाशयाच्या आकारावरच भिस्त ठेवावी लागते.

तो आकार किती नाजूक असतो, हे एका हिशोबानं कळेल. अंडाशयाची लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला 0.523 नं गुणतात. 3.4, 2.5 आणि 2.1 अशी मापं आली, तर उत्तर सुमारे 9.3 मिलिलिटर. तेच मोजताना कर्सर जरा बाहेर पडला आणि 3.6, 2.7, 2.2 आलं, तर 11.2 मिलिलिटर. फरक फक्त एक-दोन मिलिमीटरचा, जो पोटावरच्या चित्रात सहज होतो, आणि मुलगी एका बाजूच्या रकान्यातून दुसऱ्या बाजूच्या रकान्यात जाते. शिवाय त्या दिवशी अंडाशयात एक मोठा फॉलिकल असेल, तर ते माप धरायचंच नसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत अंडाशयात भरपूर फॉलिकल असणं हे वयाचंच लक्षण आहे. म्हणून त्या वयात सोनोग्राफीवरून पीसीओएसचं निदान करूच नये, असं 2023 च्या सूचनांनीही पुन्हा स्पष्ट सांगितलं आहे. पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, म्हणजे हनुवटीवरचे केस, खूप मुरुमं किंवा रक्तातलं प्रमाण, यांवर मुलींचं निदान होतं. सोनोग्राफी केलीच, तर दुसरं काही, उदाहरणार्थ जन्मजात अडथळा किंवा गाठ, नाही ना हे बघण्यासाठी. आईवडिलांनी मुलीला आतून तपासणी नको म्हणून हट्ट धरायची वेळच यायला नको. या प्रश्नासाठी तिची गरज नसते.

पाळी बंद झालेल्या बायकांचं गणित अगदी वेगळं. वर्षभर पाळी नसताना पुन्हा एकदा जरी डाग दिसला, तरी आतून सोनोग्राफी करून अस्तर मोजावं. चार मिलिमीटर किंवा कमी भरलं, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी राहते. जास्त भरलं, किंवा अस्तर नीट दिसलंच नाही, तर त्याचा तुकडा काढून तपासतात. आणि अस्तर पातळ असूनही रक्त परत परत येत राहिलं, तरीही तुकडा तपासायचा असतो. हे मोजमाप पोटावरून केलेलं धरू नये, एक-दोन मिलिमीटरचा फरक तिथे निर्णय बदलतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांत अस्तर औषधामुळेच जाड आणि छिद्राछिद्रांचं दिसतं, म्हणून ते औषध चालू आहे हे तपासणाऱ्याला सांगायला विसरू नये. या वयात अंडाशयं आकसलेली असतात, ती दोन्ही पद्धतींनी दिसली नाहीत तर घाबरायचं कारण नाही.

एका बाबतीत मात्र तयारी, पाणी, पाळीचा दिवस यांतलं काहीच बघत बसायचं नाही. एका बाजूला अचानक असह्य कळ, सोबत उलट्या, असं झालं तर अंडाशयाला पीळ बसला असू शकतो. मोठी गाठ असलेलं अंडाशय स्वतःभोवती फिरतं आणि त्याचा रक्तपुरवठा कोंडतो. तेव्हा मूत्राशय भरायला लिटरभर पाणी पिऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. लगेच रुग्णालय गाठावं. त्या वेळी डॉप्लरमध्ये रक्त वाहताना दिसलं तरी पीळ नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळतं. सुजलेलं, मोठं झालेलं अंडाशय आणि बाईचं दुखणं यांवर शल्यचिकित्सक निर्णय घेतात.

दोन्ही सोनोग्राफींना न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. निरोगी गर्भनलिका सहसा दिसत नाहीत, त्या मोकळ्या आहेत का यासाठी वेगळी तपासणी लागते. एंडोमेट्रिओसिसचे पोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके दिसत नाहीत, म्हणून स्वच्छ रिपोर्ट असूनही दुखणं खरं असू शकतं. गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीला सोनोग्राफीत कळत नाही, त्यासाठी पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीची तपासणीच हवी. आणि काहीही त्रास नसताना 'एकदा सगळं बघून टाकू' म्हणून दरवर्षी अंडाशयं तपासण्याचा उपयोग? ब्रिटनमध्ये पाळी बंद झालेल्या दोन लाखांहून अधिक बायकांवर हा प्रयोग झाला. काहींची दरवर्षी आतून सोनोग्राफी केली, काहींची रक्ततपासणी, उरलेल्यांची काहीच नाही. 2021 मध्ये आलेल्या निकालात दरवर्षीच्या तपासणीमुळे अंडाशयाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. कुटुंबात आई-बहिणीला असा कर्करोग झाला असेल, तर आधी जनुकीय सल्ला घ्यावा.

पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली, की सेंटरला फोन करतानाच विचारा: पोटावरून आहे की आतून, की दोन्ही? पूर्ण पोट बघायचं आहे की फक्त ओटीपोट? शेवटच्या पाळीची पहिली तारीख लिहून न्या, आणि जास्त रक्त किंवा पाळीच्या मधल्या डागांसाठी तपासणी असेल, तर रक्त थांबल्यानंतरचे दोन-तीन दिवस मागून घ्या. आधीचे रिपोर्ट सोबत असू द्या, फक्त फिल्म नकोत, मापं लिहिलेला कागद हवा. चार सेंटिमीटरची गाठ दोन वर्षं चारच सेंटिमीटरची असेल, तर तिचा अर्थ एक. तीन महिन्यांत ती दोनाची चार झाली असेल, तर दुसरा. तो अर्थ एकट्या सोनोग्राफीत दिसत नाही.